इगतपुरीत धो धो पाऊस आणि सिन्नर कोरडं, असं का?

ढग सह्याद्री ओलांडतात, पण पाणी बरंचसं अलीकडेच सांडतात. समुद्रावरून आलेली हवा २८ अंशांची धरा. घाटाच्या भिंतीला अडून ती वर चढते आणि दर १०० मीटरला १ अंश थंड होते. ४०० मीटरवर, म्हणजे २४ अंशांना, तिच्यातल्या वाफेचे ढग होऊ लागले असं समजू. त्यापुढे वाफेची उष्णता मिळत राहते, म्हणून १०० मीटरला अर्धाच अंश कमी होतो. १४०० मीटरच्या माथ्यावर १९ अंश, आणि वाटेतलं पाणी घाटावर पडलेलं.

आता हीच हवा ६०० मीटरवरच्या पठाराकडे उतरते. उरलेले थेंब थोडेच असतील, तर ती १०० मीटरला जवळपास १ अंश तापत २७ वर येते. चढताना याच उंचीवर ती २३ ची होती! तापलेल्या हवेत थेंब विरतात, म्हणून सिन्नरला आभाळ भरून येतं पण भुरभुरच पडते.

बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला, की मात्र हे गणित मोडतं. तेव्हा हवा डोंगराविनाच वर चढते आणि सिन्नरलाही झोडपते.