दहावीच्या मुलासाठी आधी एकच पुस्तक

ताई, दहावीतल्या मुलाला अभ्यासाची धास्ती वाटते म्हणून पुस्तकं विचारताय, पण पाच पुस्तकं एकदम आणू नका. मी लेकीसाठी आणली, तर तिला तो जादा अभ्यासक्रमच वाटला! नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, मिळालं तर जेम्स क्लिअर यांचं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' आणा आणि त्यातला दोन मिनिटांचा नियम तेवढा उचला: नवी सवय दोन मिनिटांत उरकेल एवढी छोटी ठेवायची. 'रोज दोन तास भूमिती' असं ठरवायचं नाही. 'चहा झाला की वही उघडून एक आकृती काढायची', बस्स. धास्ती बसते ती सुरुवातीचीच.

नेहमीच्या चुका दोन:
- पुस्तकात खुणा करून पानं रंगवायची, सवय मात्र एकही लावायची नाही.
- तिसऱ्याच दिवशी दोन मिनिटांचा तास करायचा.

झोप किंवा जेवणच उडालं असेल, तर पुस्तकावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.