फण्यांची सरासरी आणि संपादकाला चिठ्ठी

रावेर

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

निबंध कुणाचा, कुठल्या नियतकालिकाचा, हे न सांगता तू नुसते आकडे विचारलेस, ते योग्य केलंस. परीक्षणाला आलेला निबंध मलाही दाखवायचा नसतो.

निबंधातल्या तक्त्यात बारा-बारा झाडांच्या फण्यांच्या पंधरा सरासऱ्या आहेत आणि त्यांतल्या अकरा येऊच शकत नाहीत, ही तुझी शंका रास्त आहे. केळीच्या घडाला फण्या नऊ असतात किंवा दहा, साडेनऊ कधी नसतात. बारा झाडांची बेरीज 112 आली तर सरासरी 9.33, आणि 113 आली तर 9.42. मधलं 9.37 येतच नाही. एखादी सरासरी अशी निघाली तर छपाईची चूक म्हणता येईल. पंधरापैकी अकरा निघाल्या, म्हणजे संपादकाला कळवायलाच हवं.

पण ‘आकडे बनावट आहेत’ असं लिहू नकोस. मी तरुणपणी एका पोराच्या निबंधावर तसं लिहिलं होतं, आणि त्याची खंत अजून आहे. त्या पोराने शेतातली नोंदवही पाठवली. जूनच्या वादळात बारापैकी चार झाडं आडवी झाली होती, मोजली होती आठच. 75 भागिले 8 म्हणजे 9.375, पुढचा आकडा त्याने सोडून दिला होता. चूक एवढीच, की तक्त्यात झाडांची संख्या 12 च राहिली. माझ्या एका शब्दाने त्याचे कित्येक महिने वाईट गेले.

म्हणून जे दिसलं तेवढंच लिही. फक्त संपादकासाठी असलेल्या रकान्यात साधारण असं:

‘तक्ता 3 मध्ये प्रत्येक गटात 12 झाडे दिली आहेत. फण्यांची संख्या पूर्णांक असल्याने 15 पैकी 11 सरासऱ्या 12 झाडांवरून येऊ शकत नाहीत. हिशेब सोबत जोडला आहे. झाडांची संख्या बदलली असेल किंवा सरासरीची पद्धत वेगळी असेल. कारण मला ठरवता येत नाही. लेखकांकडून झाडनिहाय मूळ नोंदी मागवाव्यात, ही विनंती. हा मुद्दा लेखकांना कळवावा का, हे आपण ठरवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. कुठली सरासरी का बसत नाही हे लेखकांना आधीच कळलं, आणि आकडे खरंच रचलेले असले, तर ते मूळ नोंदीही जुळवून पाठवतील. संपादकाने आधी नुसत्या नोंदी मागितल्या तर खरं कारण असलेला माणूस सहज सुटतो. पुढची चौकशी त्यांची आणि लेखकांच्या संस्थेची. तू लेखकांना फोन करू नकोस. आपल्या भागात केळीवर काम करणारे सगळे एकमेकांना ओळखतात, बोलणं लगेच पसरतं.

लेखकांसाठीच्या रकान्यात बाकीचं परीक्षण नेहमीसारखं लिही, पण तिथे ‘निष्कर्ष भक्कम आहेत’ असं म्हणू नकोस. दोन रकान्यांत दोन सूर लागले की संपादकाची अडचण होते.

पाठवण्याआधी पंधराही सरासऱ्या हाताने 12 ने गुणून बघ. गुणाकार पूर्णांकाला तंतोतंत बसेलच असं नाही. जवळचा पूर्णांक घेऊन परत 12 ने भाग, आणि तीच सरासरी येते का ते पाहा.

तुझा,
काका