कानासाठीचं वाक्य

'वाचनालयात वक्त्यांचा परिचय मी करून देते. मागच्या वेळचं वाक्य असं होतं: "पेडणे तालुक्यातील एका लहानशा वाड्यावर जन्मलेल्या, प्राथमिक शाळेत तीस वर्षे अध्यापन केलेल्या, सत्तरीतील रणमाले या लोकनाट्याविषयी गावोगाव फिरून माहिती संकलित केलेल्या व त्यावर दोन पुस्तके लिहिलेल्या श्रीमती अमुक आज आपल्याला मार्गदर्शन करणार आहेत." लोक मध्येच कुजबुजू लागले. व्याकरणात वाक्य म्हणजे पूर्ण अर्थाचा शब्दसमूह. माझं वाक्य पूर्ण अर्थाचं आहे ना? मग चुकलं कुठे?' (डिचोलीहून एक वाचक)

ताई, या '-लेल्यां'च्या रांगा मी डिचोलीपासून काणकोणपर्यंत प्रत्येक मांडवात ऐकतो आणि दर वेळी चिडतो. शाळेतली ती व्याख्या कागदापुरती ठीक आहे, कानाला ती अपुरी पडते. आपल्या नैयायिकांची, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांची, व्याख्या तिच्याहून फार पुढची. शब्दांचं वाक्य व्हायला ते तीन गोष्टी मागतात: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. पहिल्या दोन सोडून देऊ, मला बोलायचंय ते संनिधीवर. सम् + नि + धा. धा म्हणजे ठेवणं. निधी, विधी, संधी ही सगळी याच धातूची लेकरं. संनिधी म्हणजे जवळजवळ ठेवणं. देवळातलं 'सान्निध्य' तेच. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात संनिधीचा अर्थ सरळ दिलाय: पदं विलंब न लावता उच्चारणं. 'गाय' आणि 'आण' हे शब्द प्रहराप्रहराच्या अंतरानं उच्चारले, तर त्यांतून अर्थबोध होत नाही, असं तो सांगतो. वाक्याची कसोटी त्यानं उच्चारावर लावली, कागदावर नाही. शिवाय 'वाक्य' हा शब्दच 'वच्' म्हणजे बोलणं या धातूचा. स्वल्पविराम वगैरे चिन्हं मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींच्या खटपटीनं. कानाला ती आजही दिसत नाहीत.

आता तुमचं वाक्य. 'जन्मलेल्या' ऐकलं. कोण जन्मलेल्या? बाई, पुरुष, की बरेच जण? 'जन्मलेल्या बाई', 'जन्मलेल्या मुलाला', 'जन्मलेल्या मुलांनी', रूप एकच. श्रोता ते हातात धरून बसतो. त्यावर 'केलेल्या', पुन्हा 'केलेल्या', मग 'लिहिलेल्या'. चार ओझी झाली तरी नाव नाही. वाचणाऱ्याची नजर पुढे उडी मारून 'श्रीमती' गाठते आणि मागे येते. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. नाव येईस्तोवर पेडणं विसरलेलं असतं.

यावर सूत्रसंचालन शिकवणारे सांगतात, वाक्य आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. मला हे मुळीच पटत नाही. शब्द मोजून काय होणार? 'त्या गावोगाव फिरल्या, जुन्या माणसांना भेटल्या, त्यांच्याकडून गाणी ऐकली आणि ती उतरवून घेतली' हे वाक्य दहा शब्दांच्या वर जातं, तरी कानाला जड होत नाही, कारण दर चार पावलांवर क्रियापद येऊन तेवढा अर्थ मिटवतं. '-ऊन'ही चालतं: फिरून, ऐकून, लिहून, जसं घडलं त्याच क्रमानं. '-लेल्या' मात्र पुढच्या नामाची वाट पाहत लोंबकळतं. मोजायचंच असेल तर कर्त्यापासून क्रियापदापर्यंतचं आणि विशेषणापासून नामापर्यंतचं अंतर मोजा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं बोललं की हे अंतर लगेच फुगतं. बोलायचं वाक्य आखूड लागतं ते एवढ्यासाठी.

मी ते असं करीन:

'आजच्या वक्त्या पेडण्याच्या. तिथल्या एका लहानशा वाड्यावर त्यांचा जन्म झाला. तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. पण त्यांचं मन रमलं सत्तरीच्या रणमाल्यात. रणमाल्यासाठी त्या गावोगाव फिरल्या, माहिती गोळा केली. रणमाल्यावर त्यांची दोन पुस्तकं आहेत. आज त्या रणमाल्यावरच बोलणार आहेत. श्रीमती अमुक.'

'रणमालं' चारदा आलं. कागदावर मी दोन खोडले असते. इथे मुद्दाम ठेवले, कारण 'त्यावर दोन पुस्तके' ऐकताना 'त्यावर' म्हणजे कशावर, हे शोधायला श्रोत्याला मागे जाता येत नाही. 'अध्यापन', 'संकलित', 'मार्गदर्शन' गेले. 'मन रमलं' आणि 'रणमाल्यावरच बोलणार' ही मात्र माझी भर आहे. बाईंना विचारून खरं असेल तरच ठेवा.

सगळीच वाक्यं चार शब्दांची केलीत तर तारेची भाषा होईल, म्हणून 'फिरल्या, गोळा केली' हे जोडूनच ठेवलंय. कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचा आणि श्वास घेतला तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. रेघ 'केलेल्या' आणि पुढच्या नामाच्या मध्ये पडली, तर वाक्य तिथेच फोडायचं. नाव अगदी शेवटी घ्या आणि त्यानंतर एकही शब्द बोलू नका. तुमच्या मूळ वाक्यात नावानंतर 'आज आपल्याला मार्गदर्शन करणार आहेत' येतं आणि टाळ्या नेमक्या त्याच्यावर आदळतात.