फुतोशिकीत चिन्हांची साखळी कशी वापरायची?

प्रश्न: विरार लोकलमध्ये ५×५ फुतोशिकी सोडवतो, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात १ ते ५ एकेकदाच येणारं, घरांमध्ये लहान-मोठं दाखवणारी चिन्हं असलेलं आकड्यांचं कोडं, पण मध्येच अडकून अंदाज लावावा लागतो. चिन्हं नीट कशी वापरायची?

उत्तर: चिन्हं सुटी न वाचता सलग साखळी म्हणून वाचा आणि प्रत्येक घराचे शक्य आकडे दोन्ही टोकांकडून कापा. समजा, ओळीत पहिलं घर < दुसरं < तिसरं आहे. मग पहिल्यात १ ते ३, दुसऱ्यात २ ते ४, तिसऱ्यात ३ ते ५ एवढंच बसतं. आता तिसऱ्या स्तंभात ५ आधीच आला असेल, तर तिसऱ्या घरात ३ किंवा ४ उरतात, दुसऱ्यात २-३, पहिल्यात १-२. म्हणजे ओळीतला ५ चौथ्या किंवा पाचव्या घरातच. त्यात चौथं < पाचवं असेल, तर पाचव्यात ५ पक्का, अंदाज न लावता. बहुतेकजण इथेच चुकतात: एक घर कापलं की साखळीतली मागची घरं पुन्हा तपासत नाहीत.

साखळी ओळीतून स्तंभात वळली तरी चालते. मात्र मधलं घर दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठं असेल, तर जपून: तिन्ही एकाच ओळीत असतील तर मधलं किमान ३, पण कोपऱ्यात वळत असेल तर शेजारी सारखेही असू शकतात, म्हणून किमान २ च.