मॅग्सल्फच्या प्रश्नात आधी लघवी, जर्क की श्वास?

प्रश्न: स्टाफ नर्सच्या परीक्षेची तयारी करतेय. प्री-एक्लॅम्पसियात मॅग्नेशियम सल्फेट सुरू असताना विषबाधेचं पहिलं लक्षण कोणतं? एका प्रश्नसंचात लघवी कमी होणं दिलंय, दुसऱ्यात गुडघ्याचा जर्क जाणं, तिसऱ्यात श्वास मंदावणं. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट नेमकं कधी द्यायचं?

उत्तर:

पहिलं लक्षण जर्क जाणं हेच. लघवी कमी होणं हे लक्षण नाही, ते विषबाधेचं कारण आहे. श्वास मंदावतो तो जर्क गेल्यानंतर. हा क्रम नीट समजला की तिन्ही प्रश्नसंचांतली गल्लत लक्षात येते. मला तो एका रात्रपाळीत समजला, म्हणून तीच गोष्ट सांगते.

मी तेव्हा एका ग्रामीण भागातल्या रुग्णालयात लेबर रूमला होते. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, छत्तिसावा आठवडा, बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन तीन प्लस, डोकं दुखत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. संध्याकाळच्या पाळीने साडेसातला कॅथेटर घातला आणि आठला प्रिचर्ड पद्धतीने लोडिंग डोस दिला. आपल्याकडे मिळणारं अँप्यूल ५० टक्क्यांचं, २ मिलिलिटरचं, म्हणजे एकात १ ग्रॅम. त्यातली चार अँप्यूल घेतली की ८ मिलिलिटर होतात. त्यात १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून ते २० टक्के करायचं आणि शिरेतून सावकाश, निदान पाच मिनिटं घेऊन द्यायचं. मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. एकूण १४ ग्रॅम. पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या.

मी आठला ड्यूटीवर आले. बाराच्या डोसआधी युरोबॅग पाहिली तर ३०० मिलिलिटर. चार तासांत ३००, म्हणजे भरपूर, असा हिशोब केला. पण कॅथेटर घातल्या घातल्या मूत्राशयात साठलेली २२० मिलिलिटर लघवी त्याच बॅगेत आली होती. बॅग रिकामी केली नव्हती आणि आकडा कागदावर चढला नव्हता. खरी लघवी साडेसातपासून साडेचार तासांत ८० मिलिलिटर, म्हणजे तासाला वीससुद्धा नाही. हवी होती तासाला निदान तीस. मॅग्नेशियम शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडातूनच, त्यामुळे आधीचा डोस बराचसा रक्तातच होता.

जर्कही मी नीट पाहिला नाही. पाय चादरीखाली सरळ पसरलेला, हाताच्या कडेने टकटक केलं, पाय हलल्यासारखा वाटला आणि ‘प्रेझेंट’ लिहिलं. गुडघा थोडा वाकवून, खाली आपला हात देऊन, पाय सैल पडू दिल्याशिवाय जर्क पाहिला असं म्हणता येत नाही. मी ५ ग्रॅम देऊन टाकले.

सव्वा वाजता ती म्हणाली, “सिस्टर, जीभ जड झालीय.” शब्द ओढल्यासारखे येत होते, पापण्या मिटत होत्या. इंजेक्शनच्या वेळी अंगात ऊब येते, चेहरा लाल होतो, मळमळतं. ते नेहमीचं, त्याला घाबरायचं नसतं. हे तसं नव्हतं. आता नीट पाहिलं तर दोन्ही गुडघ्यांत जर्क नाही. कोपरापाशी बायसेप्सचाही नाही. (स्पायनल दिलेल्या बाईत गुडघ्याचा जर्क भुलेमुळेच जातो, तिथे बायसेप्सच पाहायचा.) पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले, दहा भरले. बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९६ दाखवत होता. त्याच्यावर विसंबून राहिले असते तर आणखी उशीर झाला असता.

पुस्तकातलं ‘आधी इन्फ्युजन बंद करा’ हे शिरेतून थेंबाथेंबाने देतात तिथे लागू पडतं. स्नायूत गेलेलं परत काढता येत नाही. त्याचा पुढचा डोस फक्त रोखता येतो. मी डॉक्टरांना हाक मारली, ऑक्सिजन लावला, अँब्यू बॅग उशाशी आणली आणि ट्रेमधलं कॅल्शियम ग्लुकोनेट भरलं. १० टक्क्यांचं १० मिलिलिटर, म्हणजे १ ग्रॅम. डॉक्टरांनी ते शिरेतून हळूहळू दिलं, निदान तीन मिनिटं घेऊन. मी नाडीवर बोट ठेवून होते, कारण कॅल्शियम घाईने गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, बिघडतात.

मज्जातंतूच्या टोकापासून स्नायूला निरोप जायला कॅल्शियम आत शिरावं लागतं, आणि मॅग्नेशियम तीच वाट अडवतं. बाहेरून कॅल्शियम वाढवलं की निरोप पुन्हा जाऊ लागतो. दहा मिनिटांत तिचे श्वास चौदावर आले. पण अडीचला पुन्हा अकरा झाले आणि डॉक्टरांना दुसरा डोस द्यावा लागला. उतारा दिल्याने मॅग्नेशियम रक्तातून जात नाही, त्याचा परिणाम तेवढ्यापुरता मागे हटतो. कॅल्शियमचा जोर लवकर ओसरतो आणि बंद पडत आलेली मूत्रपिंडं मॅग्नेशियम बाहेर टाकत नसतात. पहाटे पाचला जर्क अंधूक परत आला. सकाळी बाळ झालं ते मलूल होतं. त्याला थोडा वेळ बॅग-मास्कने श्वास द्यावा लागला, मग रडलं. दोघं सुखरूप घरी गेली.

आता तुमच्या परीक्षेपुरतं. रक्तातली उपयोगी पातळी ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. काही पुस्तकांत ४.८ ते ८.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, ते तेच आहे, फक्त एकक वेगळं. जर्क साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास जातो, श्वास त्याहून वर गेल्यावर दबतो आणि हृदय थांबतं ते त्याच्याही बरंच पुढे. जर्क पाहायचा तो यासाठीच: तो आधी जातो आणि आपल्याला थांबायला वेळ देतो.

प्रश्नात लघवी तासाला २० मिलिलिटर, जर्क आहे आणि श्वास १८ असं दिलं असेल, तर उत्तर डोस रोखून डॉक्टरांना कळवणं. कॅल्शियम नाही. जर्क गेलाय पण श्वास १६ च्या वर आहे, तरीही मॅग्नेशियम थांबवायचं, तिच्याजवळून हलायचं नाही, सोय असेल तर पातळीसाठी रक्त पाठवायचं आणि कॅल्शियम भरून हाताशी ठेवायचं. श्वास दबला की ते द्यायचं. अँब्यू बॅगने श्वास देणं त्याच्याबरोबरच चालू हवं, कॅल्शियमची वाट पाहत थांबायचं नाही.

श्वासाच्या आकड्यावरून तुम्ही अडाल. डोस देण्याआधी श्वास निदान १६ हवेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची अट. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत १२ असतं. विचारलंय काय ते बघा: ‘डोस कधी देता येईल’ असेल तर १६, ‘विषबाधा दाखवणारा आकडा’ असेल तर १२ च्या खालचा पर्याय. लघवीचंही तसंच, कुठे तासाला ३० तर कुठे चार तासांत १०० मिलिलिटर. दोन्ही एकत्र पर्यायांत सहसा येत नाहीत.