सेटलमेंटच्या पत्रात आधी कोणती ओळ वाचावी

> बँकेचं वन टाइम सेटलमेंटचं पत्र आलंय. वर्कशॉपच्या कर्जाची बाकी ११ लाख ८० हजार, सेटलमेंट ७ लाखांत. ७० हजार अर्जासोबतच भरलेत. घराचे कागद बँकेत आहेत, भाऊ जामीनदार आहे. सही करून देऊ का?

आज सही करू नका. पत्राच्या शेवटी हप्ता चुकल्यास काय होईल ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. बहुतेक पत्रांत असं असतं की तारीख हुकली की सवलत रद्द, भरलेले पैसे मूळ बाकीत जमा आणि उरलेली रक्कम व्याजासकट वसूल. म्हणजे ६ लाख भरून शेवटचा १ लाख अडकला, तरी तुम्ही पुन्हा ११ लाख ८० हजारांच्या हिशेबात. मुदतवाढ बँकेच्या मर्जीवर असते. उच्च न्यायालय ती परस्पर वाढवून देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितलंय. म्हणून पैसे कुठून येणार हे पक्कं नसेल, तर जास्त मुदत सहीच्या आधीच मागा. चेक दिला तो दिवस धरत नाहीत, पैसे कर्जखात्यात जमा झाले तो दिवस धरतात.

आता रक्कम. भरलेले ७० हजार ७ लाखांत धरलेत का? 'उर्वरित ६,३०,०००' असा आकडा पत्रात छापून घ्या. आमच्या घरच्या प्रकरणात पत्रात 'कायदेशीर खर्च वेगळा' अशी बारीक ओळ होती. ती आम्ही सोडून दिली आणि शेवटच्या दिवशी वकील-नोटिशीचे ३८ हजार मागितले. वडिलांनी शेजाऱ्याकडून उसने आणले, तेव्हा कुठे तारीख सांभाळली गेली.

माफीची भाषाही नीट बघा. 'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे, ती बँकेच्या हिशेबातली नोंद असते आणि वसुलीचा हक्क तसाच राहतो. तुम्हाला हवंय ते असं: ७ लाख मिळाल्यावर उरलेलं मुद्दल, व्याज आणि दंडव्याज माफ, कर्जदार व जामीनदार दोघांकडे काही येणं नाही. भावाचा उल्लेख नसेल तर करून घ्या. कोर्टात दावा किंवा सरफेसीची, म्हणजे तारण ताब्यात घेण्याची नोटीस असेल तर ती मागे घेण्याचंही लिहून घ्या.

घराचे कागद खातं चुकतं झाल्यापासून ३० दिवसांत परत द्यायचे आणि तारणाची नोंद काढायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, पण तो घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी. तुमचं कर्ज वर्कशॉपचं, म्हणून ही मुदत पत्रातच लिहून घ्या. त्या नियमात बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सिबिलवर मात्र 'सेटल्ड' असंच येईल, 'क्लोज्ड' नाही. पुढे नवं कर्ज मागताना ते आडवं येतं.

दुरुस्त्या ब्रँच मॅनेजरच्या तोंडी होकारावर सोडू नका. ईमेल करा, सुधारित पत्र सही-शिक्क्यानिशी हातात आलं की मगच सही करा.