दुखत नाही म्हणून वाहता कान सोडून देऊ नका

प्रश्न: बहिणीचा एक कान अधूनमधून थोडासा वाहतो, घाण वास येतो, पण दुखत अजिबात नाही. हे इन्फेक्शन खरंच मेंदूपर्यंत जाऊ शकतं की डॉक्टर उगाच घाबरवतात?

जाऊ शकतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण ‘दुखत नाही ना, मग कशाला उकरून काढता’ हे वाक्य आमच्या घरात मामांनी इतक्यांदा म्हटलंय की मला पाठ झालंय.

माझ्या धाकट्या भावाचा कान असाच होता. स्राव जेमतेम, वास मात्र उशीला यायचा. थेंब घातले की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ऐकू बरंच यायचं. मग एक दिवस कान पुसताना बोट जरा दाबलं गेलं आणि खोली गरगर फिरली. पुन्हा दाबलं, पुन्हा चक्कर. कानाच्या सर्जननी हे ऐकल्याबरोबर सीटी स्कॅन सांगितला.

झालं काय होतं ते समजायला पडद्यामागची जागा डोळ्यासमोर आणा. पडदा आणि आतला कान यांच्यामधली ही हवेची पोकळी मधोमध फक्त दोनेक मिलिमीटर रुंद असते. तिच्यात हवा येते ती नाकामागून घशातून येणाऱ्या युस्टेशियन नळीतून. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. भावाची नळी लहानपणापासून नीट उघडत नव्हती. आतली हवा शोषली जात राहिली आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी झाली. पडद्याची बाहेरची बाजू कातडीचीच असते आणि कातडी सतत झडते. ती झड पिशवीत अडकून साचते, कुजते, वास मारते आणि पिशवी वाढत जाते. याला कोलेस्टीआटोमा म्हणतात. नावावर जाऊ नका, हा कॅन्सर नाही. पण आजूबाजूचं हाड तो झिजवतो, आणि बहुतेक वेळा न दुखवता.

पहिला बळी बहुधा ऐरणीचा जातो. पडद्यापासून आवाज आत नेणाऱ्या हातोडी, ऐरण, रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीत ऐरणीचा लांब दांडा रिकिबीला जिथे टेकतो तिथे तो बारीक असतो आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. भावाचा दांडा ऑपरेशनच्या वेळी जागेवर नव्हताच. त्याला चक्कर येण्याचं कारण आतल्या भिंतीत होतं. तोल सांभाळणाऱ्या आडव्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड खाल्लं गेलं होतं, म्हणून बोटाचा दाब थेट तिथे पोचत होता. तिच्या लगेच खाली चेहऱ्याची नस जाते. पोकळीचं छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा, त्याच्यावर मेंदू. मागे वाट कानामागच्या मॅस्टॉइड हाडात जाते आणि त्याला लागून मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर आहे. इन्फेक्शनला लांब जावंच लागत नाही.

आता मामा. ते आजही सांगत फिरतात की ‘पोराला ऐकू येत होतं, ऑपरेशनने घालवलं.’ ऑपरेशननंतर ऐकू कमी झालं हे खरं आहे. पण तुटलेल्या साखळीच्या जागी तो कोलेस्टीआटोमाच पुलासारखा आवाज पुढे नेत होता. तो काढल्यावर पूल गेला. दांडा सर्जननी तोडला नव्हता. ‘आधीची ऐकू येण्याची तपासणी चांगली होती’ हा मामांचा पुरावा खोटा नाही, त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे.

तुमच्या बहिणीला हेच आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळांचं भोक पडद्याच्या मधल्या भागात असतं. त्यांचा कान सर्दी झाली की भरपूर वाहतो, स्राव चिकट आणि सहसा बिनवासाचा असतो. तो प्रकार त्यामानाने कमी धोक्याचा. थोडा, सतत वास मारणारा, थेंबांनी तात्पुरता थांबणारा कान मात्र सूक्ष्मदर्शकाखाली साफ करून पडद्याचा वरचा भाग बघितल्याशिवाय सोडू नका. स्राव पुसून वरवर बघणं पुरत नाही, कारण पिशवीचं तोंड छोट्या खपलीखाली लपलेलं असू शकतं. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, चक्कर आली, कानामागे सूज आली, किंवा ताप, उलटी आणि जोराची डोकेदुखी सुरू झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशन ठरलंच तर त्याआधीचा ऑडिओग्राम जपून ठेवा आणि साखळी त्याच वेळी जोडणार की नंतर, हे सर्जनना विचारून घ्या. पिशवीचा कण मागे राहिला तर ती पुन्हा वाढते, म्हणून कधीकधी साखळी मुद्दाम दुसऱ्या ऑपरेशनमध्ये बसवतात. भावाची तशीच बसवली. ऐकू बरंच सुधारलं, मामांनी ते अजून मान्य केलेलं नाही.